उणे भांडवलाचा बागुलबुवा

इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरात चार मार्कांचा एक प्रश्न ठरलेला असतो. खेळतं भांडवल म्हणजे काय आणि करंट रेशो किती असावा? उत्तरही ठरलेलं. चालू मालमत्तेतून चालू देणी वजा केली की उरतं ते खेळतं भांडवल. वर्षभराच्या आत ज्याचे पैसे होतात ती चालू मालमत्ता, म्हणजे गल्ल्यातली रोकड, गोदामातला माल, गिऱ्हाईकांकडची येणी. वर्षभराच्या आत जी द्यावी लागतात ती चालू देणी. रेशो दोनास एक असावा आणि भांडवल उणे आलं तर कंपनी आजारी समजावी. चार मार्क खिशात, पुढचा प्रश्न!

माझी तक्रार या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. कारण तेच वाक्य डोक्यात घेऊन आपण मेस कमिटीच्या मीटिंगला जाऊन बसतो. कॉन्ट्रॅक्टरचा हिशोब समोर येतो. महिन्याचे पैसे त्याने एक तारखेलाच घेतलेत, वाण्याचं बिल मात्र दीड महिना थकलेलं. कोणीतरी कॅल्क्युलेटर काढतो, आकडा उणे येतो आणि ‘हा बुडीत आहे, याला बदला’ असा ठराव येतो. कधी तो ठराव बरोबर असतो, कधी साफ चूक. पण उणे चिन्हावरून ते ठरत नाही. कशावरून ठरतं ते सांगायला हा लेख.

थोडा हिशोब करावा लागेल. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत, बेरीज-वजाबाकीला घाबरायचं कारण नाही.

समजा, एका मेसमध्ये ३०० मुलं आहेत. प्रत्येकाकडून महिन्याचे ३,००० रुपये एक तारखेला आगाऊ घेतले जातात, म्हणजे एकूण ९ लाख. मेसचा रोजचा खर्च २८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८ लाख ४० हजार. कॉन्ट्रॅक्टरला सुटतात ६० हजार. रोजच्या खर्चापैकी १२,००० रुपये किराण्याचे, म्हणजे तांदूळ, गहू, डाळ, तेल, मसाले. वाणी ४५ दिवसांची उधारी देतो. दूध, भाजी, गॅस, आचारी आणि वाढपी यांचे पैसे रोजच्या रोज दिले जातात असं सोपेपणासाठी धरू. कोठीत नेहमी दहा दिवसांचा किराणा असतो.

आता पंधरा तारखेच्या रात्री मेसचा ताळेबंद मांडू. मुलांनी तीस दिवसांचे पैसे दिलेत आणि पंधरा दिवसांचं जेवण झालंय. उरलेल्या पंधरा दिवसांचं जेवण हे मेसचं देणं, ४ लाख ५० हजारांचं. वाण्याचं देणं ४५ गुणिले १२,००० म्हणजे ५ लाख ४० हजार. एकूण देणी ९ लाख ९० हजार. समोर मालमत्ता काय, तर कोठीतला किराणा, १ लाख २० हजारांचा. रोकड बाजूला ठेवली तर हिशोब ८ लाख ७० हजारांनी उणे!

पण घाबरू नका. या उणे आकड्याचा अर्थ एवढाच की धंद्यात कॉन्ट्रॅक्टरचा स्वतःचा पैसा अडकलेला नाही. उलट मुलांचे आणि वाण्याचे मिळून ८ लाख ७० हजार रुपये त्याच्या हातात आहेत. जो दुकानदार आधी माल विकत घेतो आणि गिऱ्हाईकाला उधारीवर विकतो, त्याला हाच पैसा बँकेकडून व्याजाने आणावा लागतो. मेसवाल्याला तो बिनव्याजी मिळतो. गिऱ्हाईक आधी पैसे देतं, पुरवठादार नंतर घेतो, आणि मधल्या दिवसांत तो पैसा वापरायला मिळतो. धंद्याची रचनाच अशी आहे.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हे ८ लाख ७० हजार जर त्याच्या बँक खात्यात तसेच पडून असतील, तर रोकड हीसुद्धा चालू मालमत्ताच की! ती मिळवली की खेळतं भांडवल उणे राहतच नाही, शून्यावर येतं. म्हणजे आगाऊ पैसे घेतल्याने किंवा उधारी थकवल्याने एकूण खेळतं भांडवल उणे होत नाही. देणं वाढतं तेवढीच रोकडही वाढते. ते उणे होतं जेव्हा ती रोकड चालू मालमत्तेतून बाहेर जाते. म्हणून खरा प्रश्न आहे, पैसा गेला कुठे?

दोन कॉन्ट्रॅक्टर घेऊ. पहिल्याने त्या पैशांतून ४ लाखांची यंत्रं घेतली, म्हणजे चपातीचं मशीन, मोठा ग्राइंडर, डीप फ्रीज. दुसऱ्याने काहीच घेतलं नाही. पण टेंडर मिळवायला त्याने थाळीचा दर इतका खाली आणला की रोज ४,००० रुपयांचा तोटा होतोय. शंभर दिवसांत त्याचेही ४ लाख गेले. दोघांच्या ताळेबंदात खेळतं भांडवल उणे ४ लाख. आकडा तोच, रेशोही जवळजवळ तोच. पेपरातलं उत्तर दोघांना एकाच माळेत ओवेल.

प्रत्यक्षात पहिल्याकडे यंत्रं आहेत आणि महिन्याला ६० हजारांचा नफा आहे. तो नफा त्याने धंद्यातच ठेवला तर सात महिन्यांत खड्डा भरून निघतो. दुसऱ्याचा खड्डा महिन्याला १ लाख २० हजारांनी खोल होतोय. आणि गंमत अशी की जेवण दोघांकडेही वेळेवर मिळतंय, वाण्यालाही ४५व्या दिवशी पैसे मिळताहेत. कारण दर एक तारखेला मुलांचे पैसे नव्याने येतात आणि जुनं देणं नव्या पैशांतून भागतं. तोट्याचा पत्ताच लागत नाही.

मग पत्ता लागतो कधी? त्यासाठी पंधरा तारीख चालणार नाही, महिन्याची शेवटची रात्र बघायला हवी. त्या रात्री मुलांच्या आगाऊ पैशांतलं काहीही शिल्लक नसतं, सगळं जेवण देऊन झालेलं असतं. हातात फक्त वाण्याचा पैसा उरतो. ५ लाख ४० हजारांतून कोठीतला १ लाख २० हजारांचा माल वजा केला की ४ लाख २० हजार. म्हणजे कायम वापरता येण्यासारखी रक्कम ही एवढीच. पहिल्याने ४ लाख यंत्रांत घातले, त्याच्या खात्यात २० हजार उरले. ओढाताण आहे, पण निभतं. कोणी पंधरा तारखेच्या आकड्यावर भुलून ८ लाख खर्च केले असते, तर महिनाअखेरीला दुधाचे पैसेही देता आले नसते. वर्षातून एकाच दिवशी काढलेल्या ताळेबंदावर विसंबू नये ते यासाठी.

दुसरी परीक्षा मे महिन्याची. सुट्टी लागते, हॉस्टेल रिकामं होतं, एक तारखेला कोणी पैसे भरत नाही. वाण्याची मागची बिलं मात्र एकामागून एक येतच राहतात. साठा संपवून, खात्यातले २० हजार देऊनही पहिल्या कॉन्ट्रॅक्टरला ४ लाख कमी पडतात, म्हणजे बरोबर यंत्रांची किंमत. वर्षभराच्या नफ्यातून त्याने तेवढे बाजूला ठेवले असतील तर तो वाण्याला चुकते करून जूनमध्ये पुन्हा हजर होतो. दुसऱ्याचा फोन स्विच ऑफ लागतो. दोघांतला फरक तेव्हा कळतो, पण तोपर्यंत आपलं डिपॉझिट त्याच्याकडे असतं!

याच्या उलट, मुलं वाढली तर? ३००ची ४०० झाली की वाण्याकडची उधारी आणि साठा दोन्ही एक तृतीयांशाने वाढतात. महिनाअखेरीचे ४ लाख २० हजार आपोआप ५ लाख ६० हजार होतात. हे जादा १ लाख ४० हजार नफ्यासारखे दिसतात, पण तो नफा नाही. ती वाढलेली उधारी आहे. धंदा वाढत असताना तोटा लपतो आणि वाढ थांबली की उघडा पडतो.

मेसचा हिशोब पुरेसा वाटत नसेल तर एक मोठी कंपनी घेऊ. तिचाही जन्म विद्यार्थ्याच्या खोलीतच झाला. १९८४ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकणाऱ्या मायकल डेलने आपल्या खोलीतून कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली. पुढे कंपनी सुसाट वाढली आणि १९९३ मध्ये धडपडली. विक्री वाढत होती, पण तोटा झाला आणि रोकडही आटली. त्यानंतर कंपनीने आपला क्रम बदलला. आधी रोकड, मग नफा, मग वाढ. महिन्याभराहून जास्त काळ पडून राहणारा साठा कमी करायचं ठरलं. ऑर्डर आल्यावरच मशीन जोडायचं. पुरवठादारांनी सुटे भाग कारखान्याजवळच्या गोदामांत ठेवायचे, आणि डेलने ते उचलले की मगच ते डेलचे.

जानेवारी २००० मध्ये संपलेल्या वर्षात डेलकडे साठा होता फक्त ६ दिवसांचा. गिऱ्हाईकांकडून पैसे यायला सरासरी ३४ दिवस लागत. घरगुती गिऱ्हाईक क्रेडिट कार्डावर लगेच पैसे देई, कंपन्या महिनाभर घेत. पुरवठादारांना डेल पैसे देई ५८ दिवसांनी. ६ अधिक ३४ वजा ५८, म्हणजे उणे १८ दिवस. रुपया हातातून सुटायच्या १८ दिवस आधीच हातात पडायचा (डॉलर म्हणा हवं तर). ताळेबंदात येणी सुमारे २६० कोटी डॉलर, साठा ३९ कोटी आणि पुरवठादारांची देणी ३५० कोटींच्या वर. म्हणजे धंद्यातलं खेळतं भांडवल पन्नास कोटी डॉलरहून अधिक उणे. पण रोकड धरली तर एकूण चालू मालमत्ता चालू देण्यांपेक्षा बरीच जास्त होती. आपण मेसच्या हिशोबात पाहिलं तेच. लोकांचा पैसा वापरायला मिळत होता आणि कंपनी तो उधळत नव्हती.

या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. २००८च्या अखेरीस जगभर मंदी आली. डेलच्या शेवटच्या तिमाहीची विक्री आदल्या वर्षीच्या १,६०० कोटी डॉलरवरून १,३४० कोटींवर आली. विक्री घटली तशी भागांची खरेदी घटली, आणि जुनी बिलं मात्र द्यावीच लागली. पुरवठादारांची देणी वर्षभरात सुमारे १,१५० कोटींवरून ८३० कोटींवर उतरली. येणी आणि साठा वजा केला तर लोकांचा जो पैसा डेलच्या हाती होता, तो ४३० कोटींवरून २७० कोटींवर आला. नफा फार घसरला नव्हता, पण धंद्यातून आलेली रोकड आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्म्यावर आली. डेलच्या वाट्याचा हा मे महिना! तरीही कंपनी उभी राहिली, कारण बँकेत आठशे कोटींहून जास्त डॉलर होते आणि वर्ष नफ्याचंच होतं.

सगळ्यांचं असं होत नाही. अमेरिकेतल्या ‘टॉइज आर अस’ या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीवर २००५ पासून प्रचंड कर्ज होतं. पुरवठादार साधारण ६० दिवसांची उधारी देत. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या विचारात आहे अशी बातमी फुटली आणि काही दिवसांतच अनेक पुरवठादारांनी ‘आधी पैसे, मग माल’ असं सुनावलं. तेही नाताळचा माल भरायच्या वेळी. उधारी बंद झाली तर तातडीने १०० कोटी डॉलरहून जास्त लागतील असा कंपनीचाच हिशोब होता. ते नव्हते. त्याच महिन्यात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. इथे गिऱ्हाईकं एका रात्रीत नाहीशी झाली नव्हती. पुरवठादाराचा विश्वास गेला होता. उधारी हे असं कर्ज आहे की ज्याला मुदत असते, पण ते पुन्हा मिळेल याची हमी नसते.

कोणी म्हणेल, मग उधारी न थकवणारा दुकानदार सगळ्यात शहाणा. तेही सरसकट खरं नाही, पण उदाहरण आपल्याजवळचंच आहे. पवईला २००२ मध्ये सुरू झालेलं डीमार्ट गिऱ्हाईकाकडून रोख घेतं, आणि पुरवठादारांना लवकर, थोड्या दिवसांतच पैसे देऊन टाकण्याबद्दल ओळखलं जातं. त्याबदल्यात त्यांना माल स्वस्त मिळतो. डीमार्टला उणे भांडवलावर धंदा करता आला असता. त्यांनी ते बिनव्याजी पैसे सोडून खरेदीतली सूट घेतली. म्हणजे अधिक चिन्ह हाही धंद्याचा एक निर्णयच आहे, तब्येतीचं सर्टिफिकेट नव्हे.

आता यावर एक रास्त आक्षेप येईल. बिनव्याजी पैसा मिळतो म्हणता, पण त्याचा भार कोणावर? वाण्यावरच ना! खरं आहे. मोठ्या कंपनीने लहान कारखानदाराचे पैसे तीन-तीन महिने अडकवून स्वतःचा ताळेबंद देखणा करायचा, हे मला मान्य नाही. आपल्याकडे २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष ज्या वर्षी दिली त्याच वर्षीच्या खर्चात दाखवता येईल अशी तरतूद आयकरात २०२४ पासून आली. तेव्हा उणे भांडवलाचं कौतुक करण्याआधी ते कसं आलं हे बघायला हवं. साठा पटकन विकला जातो आणि गिऱ्हाईक रोख देतं म्हणून आलं असेल तर ते धंद्याचं कसब. ठरलेल्या तारखा ओलांडून आलं असेल तर ती दुसऱ्याच्या खिशातली उचल.

म्हणून माझं म्हणणं असं की मेस कमिटीने कॉन्ट्रॅक्टरचं उणे चिन्ह बघून ठराव मांडू नये. त्याऐवजी चार गोष्टी मागाव्यात. एक, महिनाअखेरच्या दिवसाचं बँक पासबुक, पंधरा तारखेचं नको. दोन, वाण्याची बिलं तारखेनिहाय. ४५ दिवसांची उधारी ठरली असेल आणि बिलं ४५ दिवसांतच फिटत असतील तर ठीक. ती हळूहळू ५५, ६५ दिवसांवर सरकत असतील तर समजावं की रोकड आटतेय. मुलांची संख्या तेवढीच असताना उधारी फुगणं ही सगळ्यात पहिली खूण. तीन, एका थाळीचा खरा खर्च किती आणि आपण देतो किती. दर खर्चापेक्षा कमी असेल तर तो स्वस्त म्हणून टाळ्या वाजवू नयेत, ती तूट आपल्याच आगाऊ पैशांतून भरली जातेय. चार, मे महिन्यात वाण्याचे पैसे कुठून देणार? याचं उत्तर ‘जूनच्या ॲडव्हान्समधून’ असं आलं तर सावध व्हावं.

आणि आपलं डिपॉझिट त्याच्या धंद्याच्या खात्यात ठेवू नये. ते कॉलेजच्या वेगळ्या खात्यात असावं आणि वर्ष संपल्यावर थेट मुलांना परत मिळावं. महिन्याचं जेवण आगाऊ देणं हा व्यवहार आहे, तो मेस चालायला लागतोच. डिपॉझिट मात्र जेवणासाठी दिलेलं नाही, मग ते त्याच्या चपातीच्या मशीनमध्ये किंवा तोट्यात का जावं?

इंडस्ट्रियल मॅनेजमेंट शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. पुढच्या वेळी पेपर काढताना प्रश्नात दोन ताळेबंद द्या, दोन्हींत भांडवल उणे ४ लाख, आणि विचारा की यातला कोण जूनमध्ये परत येईल. हवं तर आमच्या मेसचेच आकडे घ्या. मार्क चारच ठेवा, पण थोडा वेळ जास्त द्या!